गार न करणारा गारवा

पेपरमिंटची गोळी चघळून झाल्यावर माठातले पाणी प्यायले, तर ते बर्फ घातल्यासारखे लागते. माठ तोच असतो आणि पाणीही तेच. असे का होते, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारला की एक उत्तर हमखास येते : "सर, पेपरमिंट तोंडात उडून जाते. बाष्पीभवनाने गारवा येतो." हे उत्तर चूक आहे, पण टाकाऊ नाही. मुलांनी बाष्पीभवनाचा धडा समजून घेतला आहे, हातावर स्पिरिट लावल्यावर लागणारा गारवा त्यांना आठवतो आहे आणि त्यांनी दोन्हींची सांगड घातली आहे. म्हणून या उत्तराला नुसते 'चूक' म्हणून पुढे जाण्यापेक्षा ते पडताळून पाहावे, असे आम्हाला वाटते.

पडताळणी सोपी आहे. प्रयोगशाळेतल्या तापमापीच्या फुग्यावर थोडा कापूस गुंडाळा आणि त्यावर स्पिरिटचे काही थेंब सोडा. पारा काही अंशांनी खाली येतो, कारण स्पिरिट उडून जाताना उष्णता खरोखरच घेऊन जाते. आता दुसऱ्या तापमापीवर तसाच कापूस गुंडाळून त्यावर मेंथॉल विरघळवलेले तेल लावा. मेंथॉल म्हणजे आपल्या ओळखीचे पुदिन्याचे फूल. पुदिन्याचे तेल थंड केले की त्यातून सुईसारखे पांढरे स्फटिक वेगळे होतात, तेच हे. अमृतधारेत कापूर आणि ओव्याच्या फुलाबरोबर ते असते, आणि बामचा तो ओळखीचा वासही बराचसा त्याचाच. या दुसऱ्या तापमापीतला पारा जागचा हलत नाही. तेच तेल हाताला लावले तर मात्र हात गार लागतो. म्हणजे तापमापीला जे जाणवत नाही ते आपल्या कातडीला जाणवते. व्हॅसलिनमध्ये कालवलेले मेंथॉलही गार लागते, आणि व्हॅसलिनमधून फारसे काही उडून जात नाही.

एक खोच मात्र लक्षात ठेवावी. पेपरमिंटच्या काही गोळ्यांत ग्लुकोज असते. ग्लुकोज लाळेत विरघळताना थोडी उष्णता शोषून घेते, त्यामुळे अशी गोळी जीभ थोडी खरोखर गार करते. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने जिभेखाली तापमापी धरून 'सर, तापमान उतरले' असे दाखवले, तर गोंधळ नको. म्हणूनच प्रयोगाला गोळी न घेता तेलातले मेंथॉल घ्यायचे.

मग हा गारवा येतो कुठून? तो गारवा पदार्थात नाही आणि कातडीतही नाही. तो कातडीकडून मेंदूकडे जाणाऱ्या निरोपात आहे. असा तर्क पहिल्यांदा मांडला गेला त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. १८८० च्या दशकात स्वीडनमध्ये ब्लिक्स आणि जर्मनीत गोल्डशायडर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, कातडीची बारकाईने तपासणी केली. त्यांना असे आढळले की कातडीला थंडी सगळीकडे सारखी कळत नाही. थंडी कळणारे बारीक ठिपके वेगळे असतात आणि ऊब कळणारे वेगळे. १८८६ मध्ये गोल्डशायडरने मेंथॉलचा अभ्यास केला. मेंथॉल कातडीचे तापमान उतरवत नाही, तर थंडी कळवणाऱ्या चेतांनाच थेट चाळवते, असे त्याने म्हटले. त्या काळी चेतातंतूतला विद्युत निरोप ऐकण्याचे साधन नव्हते, तरीही त्याने हा निष्कर्ष काढला.

ते साधन आल्यावर, १९५१ मध्ये, हेन्सेल आणि झॉटरमन यांनी मांजराच्या जिभेकडून येणाऱ्या चेतेवर विद्युतमापन केले. जीभ गार केली की या चेतेतल्या काही तंतूंमधून विद्युत स्पंदांची सर सुरू होते. जिभेवर मेंथॉलचे अगदी विरळ द्रावण सोडले, तर जीभ गार न करताही त्याच तंतूंतून तशीच सर सुरू होते. यातला 'त्याच' हा शब्द महत्त्वाचा आहे. मेंदूला स्पंद पोचतात, पण ते कशामुळे सुरू झाले हे स्पंदांवर लिहिलेले नसते. थंडीच्या तंतूतून स्पंद आला की मेंदू त्याचा अर्थ थंडी असाच लावतो. दाराची घंटा पाहुण्याने वाजवली काय किंवा गल्लीतल्या पोराने वाजवून पळ काढला काय, आतल्या माणसाला दोन्ही वेळा सारखेच ऐकू येते.

आता प्रश्न उरला तो घंटेच्या बटणाचा. चेतातंतूच्या टोकावर असे काय आहे की जे थंडीलाही दाद देते आणि मेंथॉललाही? याचे उत्तर २००२ मध्ये सापडले.

चेतापेशीचे आवरण म्हणजे चरबीचा एक पातळ पडदा असतो. पेशी स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा काही दशांश नव्हे तर काही शतांश व्होल्टने, साधारण ०.०६ ते ०.०७ व्होल्टने, ऋण असते. या पडद्यात प्रथिनांची बनलेली दारे असतात. दार उघडले की बाहेरचे सोडियम आणि कॅल्शियम यांचे धन आयन आत घुसतात, आतला ऋणपणा कमी होतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे कमी झाला की स्पंद उठतो. तेव्हा थंडीने उघडणारे दार शोधायचे, हे काम होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्यासाठी मेंथॉलचाच गळ केला. याच गटाने १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सायसिनचा असाच उपयोग करून उष्णतेने उघडणारे दार शोधले होते, त्यामुळे वाट थोडी मळलेली होती. चेहरा, जीभ, नाक आणि डोळे यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या चेतेमार्फत मेंदूकडे जातात. उंदराच्या कुळातल्या घुशीएवढ्या प्राण्याच्या, म्हणजे 'रॅट'च्या, या चेतेतल्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांत कॅल्शियम शिरल्यावर चमक बदलणारा एक रंग भरला. बशीतल्या थोड्याच पेशींची चमक मेंथॉल टाकल्यावर बदलली, आणि त्यांतल्या बहुतेकींची गार द्रव सोडल्यावरही बदलली. म्हणजे हव्या त्या पेशी हाती आल्या, पण त्यांतल्या हजारो प्रथिनांपैकी नेमके कोणते हे कळायचे होते.

मग त्यांनी या पेशींत वापरात असलेल्या जनुकांच्या प्रती तयार केल्या. दुसरीकडे, मूत्रपिंडापासून वाढवलेल्या आणि मेंथॉलची मुळीच दखल न घेणाऱ्या पेशी घेतल्या. जनुकांच्या प्रतींचे गट पाडून एकेक गट या बेदखल पेशींत घातला आणि वर मेंथॉल टाकून पाहिले. ज्या गटामुळे पेशी चमकल्या तो गट पुन्हा लहान गटांत विभागला आणि पुन्हा तपासला. जुडग्यातल्या किल्ल्या निम्म्या-निम्म्या करत कुलपाची किल्ली शोधावी, तसा हा प्रकार होता. शेवटी एकच जनुक उरले. ते घातलेली मूत्रपिंडाची पेशी मेंथॉलला दाद देऊ लागली, आणि नुसते गार केले तरीही. मेंथॉल लावून गळ टाकला आणि थंडीचे दार हाती लागले! त्याच वर्षी आर्डेम पटापुटियन यांचा गट वेगळ्या वाटेने याच प्रथिनापर्यंत पोचला. या आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील संशोधनासाठी दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या प्रथिनाचे नाव टीआरपीएम-८. (दूरदर्शन मालिकांच्या टीआरपीशी याचा संबंध नाही. फळमाशीच्या डोळ्यात सापडलेल्या एका प्रथिनावरून या कुळाला 'टीआरपी' म्हणतात, आणि 'एम' ही त्यातली एक शाखा.) गमतीचा भाग असा की हे प्रथिन वर्षभर आधी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत सापडून नोंदले गेले होते. तिथे थंडी मोजण्याचे काय कारण, म्हणून त्याचा थंडीशी संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही.

टीआरपीएम-८ चे दार चार सारखे तुकडे एकत्र येऊन बनते आणि मधोमध आयन जाण्याची वाट असते. हे दार उघडण्यासाठी पेशीच्या आतल्या बाजूचे विभव लागते. उबदार तापमानाला ते उघडायचे तर आतली बाजू चांगलीच धन व्हावी लागेल, आणि स्वस्थ पेशीत तसे कधी होत नाही. म्हणून दार बंद राहते. तापमान उतरले की ही अट सैल होत जाते आणि पेशीच्या नेहमीच्या ऋण विभवालाही दार उघडू लागते. घट्ट स्प्रिंग लावलेले दार कल्पनेत आणा : थंडीने ती स्प्रिंग सैल पडते. मेंथॉलचा रेणू या प्रथिनाच्या पडद्यातल्या भागातल्या एका खाचेत बसतो आणि तोही स्प्रिंग सैल करतो. थंडी आणि मेंथॉल यांचे काम एकाच दिशेने होते, म्हणून त्यांची बेरीज होते. पेपरमिंटनंतरचे पाणी बर्फासारखे का लागते, त्याचे उत्तर या बेरजेत आहे.

रेणू खाचेत बसतो हे कशावरून? एक पुरावा असा, की मेंथॉलचे दोन रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. पुदिन्यात मिळतो तो वामवलनी मेंथॉल चांगला गार लागतो. त्याचा आरशातला भाऊ, वजन, सूत्र आणि उत्कलनबिंदू तोच असूनही, बराच कमी गार लागतो. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसेच हे. गारवा बाष्पीभवनाचा असता, तर दोघांत फरक पडण्याचे कारण नव्हते.

आता आकड्यांत पाहू. बशीतल्या पेशींत हे दार साधारण २५ ते २८ अंश सेल्सियसच्या खाली उघडू लागले. थोडे मेंथॉल असेल तर ते ३० अंशांच्या वरच उघडू लागते. आपल्या हाताच्या कातडीचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते. म्हणजे मेंथॉल नसताना थंडीचा निरोप सुरू व्हायला कातडी काही अंश गार व्हावी लागते. मेंथॉल लावल्यावर तिच्या नेहमीच्याच तापमानाला निरोप सुरू होतो. मात्र बशीतले आकडे कातडीवर जसेच्या तसे चिकटवू नयेत. जिवंत कातडीतले तंतू बशीतल्या पेशींपेक्षा अधिक हळवे असतात आणि एखाददुसऱ्या अंशाचा उतारही टिपतात. आकडा सरकतो, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे खरी आहे, आणि ती वर्गात दाखवता येते.

त्यासाठी १ ग्रॅम मेंथॉल २० मिलिलिटर खोबरेल तेलात विरघळवा. (डिसेंबर-जानेवारीत खोबरेल गोठते, तेव्हा शेंगदाण्याचे तेल घ्यावे.) विद्यार्थ्याच्या एका हाताला कोपराच्या खाली आतल्या बाजूने हे तेल लावा आणि दुसऱ्या हाताला त्याच जागी साधे तेल. पाचेक मिनिटे थांबा. दरम्यान तीन-चार पातेल्यांत ३६, ३३, ३० आणि २७ अंशांचे पाणी तयार ठेवा. विद्यार्थ्याने डोळे मिटावेत. आधी कोमट, मग त्याहून गार असे करत चमचा प्रत्येक पाण्यात मिनिटभर बुडवून, पुसून, दोन्ही हातांवर आळीपाळीने टेकवा आणि त्याला फक्त 'गार', 'कोमट' किंवा 'काहीच नाही' एवढेच बोलू द्या. मेंथॉलच्या हाताला बहुतेक वेळा 'गार' हा शब्द आधीच्या, म्हणजे जास्त तापमानाच्या, पाण्यालाच येतो.

यात बिघडते ते असे. चमचा पाण्याबाहेर काढला की झपाट्याने खोलीच्या तापमानाकडे जातो, म्हणून जाड दांड्याचा जड चमचा घ्यावा आणि वेळ दवडू नये. मेंथॉलचा वास नाकात गेला की विद्यार्थ्याला कोणता हात कोणता हे आधीच अंदाजाने कळते. त्यासाठी साध्या तेलाचा हातही मेंथॉलच्या बाटलीजवळच ठेवावा, म्हणजे वास सगळीकडे सारखा येईल. तेल लावणाऱ्याने आणि नोंद करणाऱ्याने वेगवेगळे असावे, नाहीतर नोंद करणारा नकळत अपेक्षित उत्तर ऐकतो. एका विद्यार्थ्यावरून काही ठरवू नये, दहाबारा जणांच्या नोंदी घ्याव्यात. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये, ओरखडा असलेल्या कातडीला तेल लावू नये आणि दम्याच्या विद्यार्थ्याला यातून वगळावे. स्फटिक थेट कातडीवर चोळणे तर कटाक्षाने टाळावे. मेंथॉल जास्त झाले की गारव्याऐवजी जळजळ होते, कारण मग ते झोंबण्याची संवेदना देणाऱ्या दुसऱ्या दारांनाही उघडते. मोहरीचा ठसका ज्या दारातून लागतो, ते त्यांतलेच एक.

पंधरावीस मिनिटांनी गारवा ओसरू लागतो, आणि तेलाचा थर अजून तसाच दिसत असतो. याचे एक कारण दाराच्या रचनेतच आहे. दार उघडल्यावर आत येणारे कॅल्शियम पेशीच्या पडद्यातल्या एका विशिष्ट चरबीच्या रेणूचे विघटन करवते. टीआरपीएम-८ ला उघडे राहण्यासाठी याच रेणूचा आधार लागतो. तो कमी झाला की दार मेंथॉल असतानाही मिटू लागते. म्हणजे हे दार उघडण्याच्या क्रियेतूनच आपल्याला बंद करण्याची सोय करते. गार पाण्यात उतरल्यावर पहिली हुडहुडी थोड्या वेळाने बोथट होते, त्यामागेही असेच काहीसे असते.

टीआरपीएम-८ म्हणजे थंडीची सगळी गोष्ट, असेही नाही. २००७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. एका बाजूची जमीन ३० अंशांची आणि दुसरी सुमारे २० अंशांची ठेवली, तर साधे उंदीर उबदार बाजूला गोळा होतात. जनुक नसलेल्या उंदरांना त्यात फारसा फरक वाटत नव्हता. पण गारठा बर्फाच्या जवळ नेला, तर तेही थंड बाजू टाळत. म्हणजे सुखद आणि साधी थंडी बहुतेक या दारातून कळते, आणि बोचरी थंडी कळण्याच्या आणखी वाटा आहेत.

हे सारे समजून घेण्याचे व्यवहारातही कारण आहे. सर्दीने नाक चोंदले की आपण बाम हुंगतो आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये एकल्स आणि जोन्स यांनी अशा वेळी नाकातून हवा जाण्याला होणारा विरोध प्रत्यक्ष मोजला. मेंथॉल हुंगल्यावर बहुतेकांनी नाक मोकळे झाल्याचे सांगितले, पण विरोध कमी झालेला नव्हता. मोकळ्या नाकातून श्वास आत जाताना नाकाची आतली बाजू गार होते आणि 'हवा येते आहे' हे आपण त्या गारव्यावरूनच ओळखतो. मेंथॉल तोच गारवा उसना देते. रात्री झोप लागावी म्हणून एवढे पुरते, पण चोंदलेले नाक चोंदलेलेच राहते.

उन्हाळ्यात हे जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेंथॉलची पावडर किंवा मेंथॉलचे तेल अंगाला लावल्यावर बरे वाटते, मात्र अंगातली उष्णता बाहेर जात नाही. थंडीचा खोटा निरोप मिळाल्यावर शरीर उष्णता राखण्याच्याच उद्योगाला लागू शकते. उंदरांच्या कातडीवर मेंथॉल लावल्यावर त्यांच्या शरीराचे आतले तापमान उतरण्याऐवजी वाढल्याचे आढळले आहे. माणसात हा परिणाम लहान असतो, परंतु तापमान खाली येत नाही हे खेळाडूंवरच्या प्रयोगांतूनही दिसले आहे. म्हणून उन्हात भोवळ आलेल्या मुलाच्या कपाळाला बाम चोळून 'आता गार वाटते का?' असे विचारण्याला अर्थ नाही. तो 'हो' म्हणेल, आणि त्याचे तापमान होते तिथेच असेल. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी मारावे, पंखा किंवा पुठ्ठा हलवावा आणि डॉक्टरांना बोलवावे. पाणी उडून जाताना उष्णता खरीच घेऊन जाते. वर्गातला बाष्पीभवनाचा धडा इथे नेमका लागू पडतो.

तान्ह्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नाकातल्या ट्रायजेमिनल चेतेच्या टोकांना मेंथॉलचा एकदम भडिमार झाला, तर लहान बाळात श्वास अडखळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होऊ शकते आणि घशाचे स्नायूही आवळले जाऊ शकतात. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकात, नाकपुडीजवळ किंवा ओठाच्या वर मेंथॉल-कापराचा बाम लावू नये, आणि रुमालावर अमृतधारेचे थेंब टाकून तो रुमालही बाळाच्या तोंडाशी धरू नये.